दुष्काळ, शेतसारा आणि १८७५ चे दख्खनचे दंगे: कारणांवर निबंध लिहिताना या चुका टाळा

"शेतसारा आणि दुष्काळ यांमुळे शेतकऱ्यांचे उठाव कसे झाले" या प्रश्नाचे निबंध मी बरीच वर्षं तपासतोय, आणि आपल्याकडची मुलं त्यासाठी बहुतेक वेळा एकच उदाहरण घेतात, १८७५ चे दख्खनचे दंगे. उदाहरण उत्तम आहे, आपल्याच पुणे-नगर भागातलं आहे, कागदपत्रं भरपूर आहेत. पण नेमकं याच उदाहरणात तीन-चार ठिकाणी पाय घसरतो आणि त्या जागाही दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

पहिली चूक तारखांची, आणि ही एक चूक अख्खा निबंध पाडते. निबंधात सर्रास लिहिलेलं असतं की "१८७६ च्या भीषण दुष्काळाने हवालदिल झालेल्या शेतकऱ्यांनी दख्खनमध्ये सावकारांविरुद्ध उठाव केला". आता तारखा बघा. दंग्यांची सुरुवात सुप्याला झाली, १२ मे १८७५ ला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे, बाजाराचं गाव, सावकारांची दुकानं तिथेच. आणि तो मोठा दुष्काळ सुरू झाला १८७६ च्या पावसाने दगा दिल्यावर, तो चालला १८७८ पर्यंत. म्हणजे दुष्काळ दंग्यानंतर आला! नंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचं कारण कशी होईल? ही चूक होते कशी तेही कळतं, कारण पुस्तकात दोन्ही प्रकरणं शेजारी असतात, भाग तोच, शेतकरी तेच, मग डोक्यात ते एकत्र होऊन बसतं. तुमच्या निबंधात ही चूक आहे का हे ओळखायचं सोपं आहे, प्रत्येक कारणाच्या बाजूला पेन्सिलने साल लिहा आणि शेवटी घटनेचं साल लिहा, कुठलंही कारण घटनेच्या पुढे जात असेल तर ते वाक्य काढा.

मग दुष्काळ अजिबात लिहायचाच नाही का? लिहायचा, पण त्याची खरी जागा वेगळी आहे, तिकडे शेवटी येतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती चूक वाटतच नाही. "इंग्रजांनी सारा वाढवला, त्यामुळे शेतकऱ्यांनी उठाव केला." वाक्य खोटं नाही, पण मग एक साधा प्रश्न विचारा, सारा सरकारने वाढवला तर सुप्यात लोकांनी कचेरी का नाही जाळली? त्यांनी सावकाराचं दुकान गाठलं, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढले आणि त्यांची होळी केली, धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरंही पेटवली, पण बऱ्याच गावांत सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर त्याच्या अंगाला फारसा हात लावला नाही. म्हणजे राग कागदावर होता. तुमच्या निबंधाने शेतसाऱ्यापासून या कागदापर्यंतचा रस्ता दाखवला पाहिजे, नाहीतर कारण एकीकडे आणि घटना दुसरीकडे राहते.

तो रस्ता असा जातो. रयतवारीत सारा थेट एकेका शेतकऱ्याच्या नावावर, रोख रकमेत आणि ठरलेल्या हप्त्याने भरायचा. पीक कमी आलं, बाजारभाव पडला, तरी आकडा तोच राहणार. ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या माणसाकडे त्या तारखेला रोकड असतेच असं नाही, मग तो सावकाराकडे जातो, सावकार सारा भरायला पैसे देतो आणि रोख्यावर अंगठा घेतो. आधीही सावकार होतेच, कर्जही होतंच, पण आता दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे सर्व्हे होऊन जमीन शेतकऱ्याच्या नावावर लागली, ती विकता येते, गहाण ठेवता येते, म्हणून सावकाराला जमिनीवर नजर ठेवून कर्ज द्यायला हरकत उरली नाही. आणि दुसरं, दिवाणी कोर्ट. पूर्वी गावात पाटील आणि चारचौघं बसून काहीतरी तडजोड करायचे, आता कोर्टात रोखा दाखवला की हुकूमनामा, हुकूमनाम्यावर जप्ती. शेतकऱ्याला वाचता येत नाही, रोख्यात काय लिहिलंय ते सावकारालाच माहीत.

यात १८५९ चा मुदतीचा कायदा नक्की घाला, हा मुद्दा फार कमी मुलं लिहितात आणि यंत्रणा सगळ्यात स्पष्ट इथेच दिसते. कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठी होता, कर्जरोखा तीन वर्षंच चालेल म्हणजे व्याज साठत जाणार नाही असा विचार. झालं उलट, सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायला लागला आणि त्यात मागचं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल म्हणून लिहायला लागला. समजा कोणी १०० रुपये घेतले, व्याज शेकडा २५ वर्षाला (हा दर मी फक्त हिशोबासाठी धरतोय). तीन वर्षांनी १७५ झाले, नवा रोखा १७५ चा. पुढच्या तीन वर्षांनी ३०६. अजून तीन वर्षांनी ५३५ च्या वर. मधे एकही नवा पैसा घेतलेला नाही. असं एक छोटं गणित निबंधात घातलं की "सावकारी पिळवणूक" या शब्दावर वेगळं वाक्य खर्च करावं लागत नाही, आणि लोकांनी नेमके कागदच का जाळले तेही वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

तिसरी चूक, "का झालं" सांगायचं पण "तेव्हाच का झालं" सांगायचं नाही. रयतवारी १८३० च्या दशकापासून होती, सावकार त्याच्याही आधीपासून, मग १८७५ च का? इथे दोन तारखा जवळजवळ ठेवा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी इकडे पैसा ओतला, सावकारही सढळ हाताने उधारी देत होता. युद्ध संपलं, कापसाचा भाव उतरला, आणि सावकाराने हात आखडता घेऊन जुनी येणी मागायला सुरुवात केली. नेमक्या याच वेळी तीस वर्षांची साऱ्याची मुदत संपत आलेली, इंदापूरपासून १८६७ ला फेरआकारणी सुरू झाली आणि सारा अनेक ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. म्हणजे भरायची रक्कम वाढली तेव्हाच उधार मिळणं बंद झालं. सारावाढ एकटी असती तर आणखी थोडं कर्ज काढून लोकांनी वेळ मारून नेली असती, आणि उधारी एकटी थांबली असती तर पोटाला चिमटा काढून जुना सारा भरता आला असता, दोन्ही एकदम आलं म्हणून कोंडी झाली.

इथे एक सावधगिरी. कापसावर पानभर लिहू नका. सुपे-शिरूरचा भाग मुळात कापसाचा मुलूख नाही, कापूस खरा खानदेश-वऱ्हाडात, आणि दंगे झाले पुणे-नगरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात. त्यामुळे "कापसाचा भाव पडला म्हणून कापूस उत्पादकांनी दंगा केला" असं लिहिलं की जाणकार परीक्षक तिथेच थांबतो. कापसाचा संबंध उधारीच्या आणि भावांच्या चढउतारातून येतो, तेवढाच लिहा.

ठिणगीसाठी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाचं प्रकरण घ्या. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गावाने आधी बहिष्कार टाकला, न्हावी, परीट, पाणक्या कोणीच सावकाराचं काम करेना, आणि बहिष्कार गावोगाव पसरला. दंगा झाला त्यानंतर पाच महिन्यांनी. देशमुख म्हणजे कोणी भुकेला मजूर नव्हे, गावातला वजनदार माणूस, म्हणून "उपाशी लोक भडकले" हे चित्र इथे बसत नाही, जमीन आणि घर हातातून जाण्याची भीती हे जास्त जवळचं कारण.

चौथी चूक पुराव्याची. सरकारने दंग्यांवर आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ ला पार्लमेंटपुढे गेला, माहितीची ती खाण आहे. पण आयोगाला जे मुद्दे तपासायला दिले त्यात सरकारी साऱ्यामुळे हे झालं का हाही एक होता, आणि उत्तर आलं, नाही, दोष सावकारांचा. सरकारच्या आयोगाने सरकारला मोकळं केलं. मुलं हा निष्कर्ष जसाच्या तसा उतरवतात, त्यामुळे पहिल्या परिच्छेदात सारावाढ मुख्य कारण आणि तिसऱ्यात "सावकार हेच खरे कारण" असा निबंध स्वतःलाच खोडत जातो. अहवालातल्या साक्षी आणि आकडे वापरा, निष्कर्ष मात्र "आयोगाचे म्हणणे" असंच लिहा.

आता दुष्काळाची जागा. १८७६ ते ७८ मध्ये लाखो माणसं दख्खन आणि मद्रासकडे मेली, तरी त्या काळात १८७५ सारखा दंगा पसरला नाही. पोटात अन्न नसलेला माणूस खडी फोडायला सरकारी दुष्काळी कामावर जातो नाहीतर गाव सोडतो. जानेवारी १८७७ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने त्या कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा अशी कापली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडलं, भुकेल्यांचा प्रतिकार असा दिसतो. हत्यार उचललं गेलं ते पुढे, १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला तेव्हा, आणि आपण हे का करतोय ते लिहिताना फडक्यांनी दुष्काळात लोकांचे झालेले हाल सांगितले आहेत. तेव्हा दुष्काळ घ्यायचा तर फडक्यांच्या उठावामागे घ्या, १८७५ मागे नको.

हे सगळं लहान निबंधात कसं बसवायचं? एका विद्यार्थिनीचा मूळ परिच्छेद असा होता: "इंग्रजांचा जुलमी कर, दुष्काळ आणि सावकार यांमुळे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला." तिच्याबरोबर बसून आम्ही तो असा केला: "१८६७ नंतर फेरआकारणीत सारा वाढला आणि त्याच सुमारास कापसाची तेजी ओसरल्याने सावकारांनी उधारी थांबवली. रोख सारा भरण्यासाठी घेतलेले कर्ज दर तीन वर्षांनी नव्या रोख्यात फुगत गेले आणि दिवाणी कोर्टामुळे जमीन सावकाराच्या हाती जाऊ लागली. म्हणून मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी कचेरीवर न जाता सावकारांचे रोखे जाळले. पुढचा दुष्काळ (१८७६-७८) या दंग्यांचे कारण नाही. त्याचा परिणाम १८७९ च्या फडक्यांच्या उठावात दिसतो." पाच वाक्यं आहेत, त्यातल्या तिसऱ्यातल्या "म्हणून" वर तिने स्वतःच बोट ठेवून मला विचारलं, सर, हे पहिल्या दोन वाक्यांवरून खरंच निघतं ना? निघतं.