शॉट एकसे एक, पण व्लॉग बघवत नाही? हरिश्चंद्रगडाला जाताना या चुका टाळा

ट्रेकवाल्या पोरांचं फुटेज एडिट करून देणं हा माझा साईड धंदा आहे. सप्टेंबर सरत आला की पेनड्राईव्ह यायला लागतात आणि त्यातल्या निम्म्यांत तरी हरिश्चंद्रगड असतोच, बहुतेक वेळा पाचनईवरून केलेला, कारण ती वाट सगळ्यात सोपी. पेनड्राईव्ह उघडला की चित्र ठरलेलं: कोकणकड्याचे चाळीस क्लिप, टेंटसमोर नाचतानाचे दहा, धबधबा स्लो-मोशनमध्ये, आणि पाचनईची गाडी ते कोकणकडा याच्या मधलं काहीच नाही. मग मेसेज येतो, "दादा, मस्त सिनेमॅटिक करून दे." अरे पण जोडू कशाला काय?

म्हणून या एकाच ट्रेकवर सगळं सांगतो, शनिवारी चढायचं, वर मुक्काम, रविवारी उतरायचं असा साधा प्लॅन धरून. तुमचा गड वेगळा असला तरी अडचणी ह्याच येतील.

ठिकाणांची यादी म्हणजे प्लॅन नाही

मंदिर, केदारेश्वर, कोकणकडा, तारामती असं लिहून लोक निघतात. पण ही यादी गडावर गेलेल्या प्रत्येकाची सेमच असते, मग तुमचा व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत का बघावा? बघणाऱ्याला थांबवून ठेवायला एक प्रश्न लागतो, फक्त एक. पावसाळ्याच्या शेवटी हा प्रश्न गड स्वतःच देतो: कडा दिसणार का? ढग असा बसलेला असतो की काठावर उभं राहिलं तरी समोर नुसता पांढरा पडदा, आणि अचानक पाच मिनिटं फाटतो आणि खाली सगळं कोकण उघडं पडतं.

हा प्रश्न घरून निघतानाच ठरवला की काय शूट करायचं ते आपोआप कळतं. पाचनईत ज्या घरी चहा घेताय त्या मावशींना विचारायचं, "मावशी, वर काय वातावरण?" आणि त्या म्हणतात, "ढग बसलाय बा सकाळधरनं, नाय दिसायचा कडा आज." झालं, हीच तुमची ओपनिंग. त्यांना आधी विचारून घ्या शूट करू का म्हणून, नाही म्हणाल्या तर नुसता आवाज घेतला तरी चालेल का ते विचारा, तेही नको असेल तर सोडून द्या. मग वाटेत ढग वर-खाली होताना दिसतील ते टिपायचे, उतरून येणाऱ्या ग्रुपला "काही दिसलं का" विचारायचं. फोनच्या नोट्समध्ये अशा चारपाच ओळी पुरतात, मोठं स्क्रिप्ट नको, गडावर गेल्यावर ते कोणी उघडून बघत नाही.

मधले शॉट नाहीत, आणि आहेत ते तीन सेकंदांचे

ही चूक सगळ्यात महागात पडते कारण घरी बसून ती दुरुस्त होत नाही. समजा पोरं ओढा ओलांडताना दिसतायत आणि पुढच्या क्लिपमध्ये मंदिराच्या आवारात उभी आहेत. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी कापलंय. मधे फक्त एवढं हवं होतं: कड्याच्या पोटाखालून जाणारी वाट आणि त्यावरून जाणारे दोनचार जण, दगडावर ठेवलेले चिखलाचे बूट, लिंबू सरबताच्या टपरीवर ग्लास भरला जातोय, आणि दुरून पहिल्यांदा दिसणारं मंदिराचं शिखर. चार शॉट, पण चढाईचे दोन-तीन तास त्यात बसतात.

घेताना रेकॉर्ड दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि तोपर्यंत फोन हलवू नका. पॅन करायचाच असेल तर आधी तीन सेकंद स्थिर, मग हळू फिरवा, मग पुन्हा तीन सेकंद स्थिर, म्हणजे कापायला दोन्हीकडे जागा मिळते. माणसांना फ्रेमबाहेर जाऊ द्या, त्यांच्या मागेमागे कॅमेरा पळवू नका, कारण रिकाम्या फ्रेमवर कट मारला की पुढचा शॉट कुठलाही असो तो गिळला जातो. आणि दिशा सांभाळा. चढताना सगळे डावीकडून उजवीकडे जाताना घेतले असतील तर तेच ठेवा, मधेच वाटेच्या दुसऱ्या बाजूने घेतलं की ती पोरं परत खाली निघाली असं वाटतं. उतरताना मग मुद्दाम उलट दिशा घ्या, काही न बोलता कळतं की परतीचा प्रवास आहे.

पावसात अजून एक, शॉटच्या आधी लेन्स पुसा, प्रत्येक वेळी. फोनच्या छोट्या स्क्रीनवर थेंब दिसत नाही आणि घरी लॅपटॉपवर फ्रेमच्या मधोमध धुरकट गोळा दिसतो, त्याला एडिटमध्ये काही इलाज नाही. खिशातला टिश्यू पावसात लगदा होतो, मायक्रोफायबरचं फडकं छोट्या झिपलॉकमध्ये ठेवा.

वाऱ्यात बोलणं, आणि बोलताना इतिहास सांगणं

कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा असतो. तिथे काठाजवळ उभं राहून फोनकडे बघत केलेलं निवेदन म्हणजे नुसतं फडफड फडफड. कॉलर माईकवरचा स्पंजचा बोंडा या वाऱ्याला पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं, ज्याला डेडकॅट म्हणतात ते. नसेल तर माईक जॅकेटच्या आत घ्या आणि पाठ वाऱ्याकडे करा, आवाज थोडा दबका येईल पण शब्द कळतील. खरं सांगायचं तर काठावर बोलूच नका. तिथे चेहरे आणि ढग घ्या आणि बोलायचं ते मागे येऊन टेंटच्या आत, फोनचं व्हॉईस रेकॉर्डर तोंडापासून वीतभर धरून, त्याच संध्याकाळी. दोन दिवसांनी घरी बोललात तर आवाजातला दमलेपणा आणि उत्साह दोन्ही गेलेले असतात.

खराब झालंच तर आधी वेव्हफॉर्म बघा. नुसती खालची घरघर असेल तर हाय-पास फिल्टर 100 हर्ट्झच्या आसपास लावा, बरंच साफ होतं. पण वेव्हफॉर्मची डोकी वरून सपाट कापल्यासारखी दिसत असतील तर तो आवाज गेला, वेळ घालवू नका, तीच वाक्यं परत रेकॉर्ड करा आणि वर ढगांचा शॉट टाका.

काय बोलायचं हा त्याहून मोठा घोळ. चालता चालता लोक इतिहास सांगायला घेतात आणि धाप लागलेली असताना शतकं इकडची तिकडे होतात. जागेवर फक्त तीन गोष्टी बोला: आत्ता काय चाललंय, पुढे काय होईल असं वाटतंय, आणि झाल्यावर जे वाटलं होतं तसं झालं का. केदारेश्वराच्या गुहेचंच घ्या. तिथे उभं राहून "पाणी बर्फासारखं आहे, मी आत उतरतोय, प्रदक्षिणा होईल असं वाटत नाही" एवढं बस्स, आणि बाहेर आल्यावर दात वाजत असताना पुढचं वाक्य. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि ते चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपणार, ही आख्यायिका नंतर शांतपणे व्हॉईसओव्हरमध्ये, आणि "असं म्हणतात" लावूनच, नाहीतर कमेंटमध्ये लोक सोलून काढतात. गुहेत अंधार असतो, हातात धरून घेतलं तर चित्र दाणेदार आणि हलतं येतं, त्यामुळे फोन दगडाला टेकवून ठेवा.

कड्यावर चुकीच्या वेळी चुकीच्या गोष्टीची वाट बघणं

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे संध्याकाळी सूर्य समोर, तुमची माणसं काळ्या आकृती होणार. ते छान दिसतं, फक्त आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर ढग सरकला की फोन दर दोन सेकंदांनी उजेड वर-खाली करतो आणि तो पंपासारखा हलणारा उजेड फार इरिटेट होतो. धुक्यात फोकसही असाच शोधत बसतो, तोही लॉक करा. इंद्रवज्र बघायचं असेल, म्हणजे ढगावर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य, तर सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली हवा, म्हणजे सकाळ. संध्याकाळी काठावर त्याची वाट बघणारे मी फुटेजमध्ये पाहिलेत, तासभर. वाट बघतानाचे चेहरे मात्र घेऊन ठेवा, एडिटमध्ये सोनं आहे ते. पण काठापासून लांब बसून किंवा पालथं झोपून, दगड ओले असतात. आणि हा सगळा भाग अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही.

एडिटला बसल्यावर पहिलं गाणं निवडणं

गाणं निवडलं की सगळे शॉट बीटवर कापले जातात आणि दीड मिनिटाने बघणारा कंटाळतो. आधी फक्त आवाज लावा. टाईमलाईनवर मावशींचं वाक्य, मग वाटेतलं "काही दिसलं का", "नाही ओ, सगळं पांढरं", मग टेंटमधलं तुमचं बोलणं, मग सकाळचा आरडाओरडा. डोळे मिटून ऐका. गोष्ट कळली तर चित्र टाका, नाही कळली तर जिथे अडलं तिथे एक व्हॉईसओव्हरचं वाक्य जोडा. त्या चाळीस कड्याच्या क्लिपपैकी चारच राहतील, आणि ते शेवटी. पहिल्याच मिनिटात उघडा कडा दाखवून टाकलात तर मावशींचं "नाय दिसायचा" फुकट गेलं. केदारेश्वर या प्रश्नात बसत नाही वाटलं तर रात्रीच्या वाट बघण्याच्या आधी टाका, वेळ घालवायला म्हणून गेलो अशा एका वाक्याने तो बसतो. तरीही नाही बसला तर काढा, वेगळा छोटा व्हिडिओ करा. लोकांना जीवावर येतं, पण काढा.

आता सगळं नीट लावलंय आणि तरी बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत, सुरुवातीला ठीक आणि पाचव्या मिनिटाला मागेपुढे, असं झालं तर तुमचा दोष नाही. फोन बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटने शूट करतो, म्हणजे उजेड कमी झाला की सेकंदाला 30 ऐवजी कमी फ्रेम घेतो, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरला ते झेपत नाही. आवाज हाताने सरकवत बसू नका, पुढच्या कटला परत हलतो. क्लिप आधी एकसारख्या फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. हँडब्रेकमध्ये व्हिडिओ टॅबमध्ये `Constant Framerate` निवडलं की झालं, किंवा कमांड चालवता येत असेल तर:

```
ffmpeg -i gad.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k gad_30.mp4
```

हे एडिट सुरू करायच्या आधी करायचं. अर्धा व्हिडिओ कापून झाल्यावर क्लिप बदलल्या तर काही कट एखाददुसऱ्या फ्रेमने सरकतात आणि मग प्रत्येक जोड पुन्हा तपासावा लागतो. मूळ फाईल्स मात्र अपलोड होईपर्यंत डिलीट करू नका.