मुदत रात्रीची नको, सकाळी ११ची मागा

घरून एकट्याने भाषांतराचं काम करत असाल, तर "आज रात्री देते" असं कुणाला सांगू नका; "उद्या सकाळी ११ला" सांगा. रात्रीची मुदत संध्याकाळ गिळते, आणि माणसं भेटतात ती संध्याकाळीच.

मी दापोलीजवळ राहते. दिवसाला २,००० शब्द नीट होतात, तरी ६,००० शब्दांना ३ नव्हे, ४ दिवस मागते. पावसात वीज जाते तेव्हा तो चौथा दिवस लागतोच. संध्याकाळी लॅपटॉप मिटून हर्णै बंदरावर लिलावाला जायचं. मासळी घ्यायलाच हवी असं नाही, पण ठरल्या वेळी गेलं की एखादा दिवस चुकल्यावर मावशी विचारतात, "काल दिसली नाहीस गो?" हे विचारणारं कुणीतरी हवंच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नेमके तेच महिने घरात कोंडणारे. त्यासाठी वाचनालयाची वेळ मे महिन्यातच ठरवून ठेवा.

सलग दोन दिवस समोरासमोर कुणाशी बोलणं झालं नाही, तेच वाक्य तीनदा वाचावं लागतंय, तर पुढचं काम घेऊ नका. दोन आठवडे झोप नीट लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा.