कंपनीतलं पद आणि बाजारातलं पद वेगळं असेल तर रेझ्युमेत काय लिहावं?

'असोसिएट ३', 'मेंबर ऑफ टेक्निकल स्टाफ', 'स्पेशालिस्ट', 'व्हाइस प्रेसिडेंट' ही पदं आपापल्या कंपनीत सगळ्यांना कळतात. बाहेरच्या रिक्रूटरला मात्र त्यांवरून काहीच उमगत नाही किंवा भलतंच काहीतरी वाटतं. रिक्रूटर उमेदवार शोधतो 'टीम लीड' असं टाइप करून. आठ जणांची टीम सांभाळणारा 'असोसिएट ३' त्या शोधात दिसतच नाही. मग बरेच जण पदाच्या जागी सरळ 'मॅनेजर' लिहून मोकळे होतात आणि पुढे अडकतात.

अडचण येते ती पडताळणीच्या वेळी. ऑफर दिल्यावर नवी कंपनी किंवा तिने नेमलेली एजन्सी जुन्या एचआरकडे विचारणा करते. तिथून बहुतेक वेळा फक्त नोंदीतलं पद आणि तारखा कळवल्या जातात, तुम्ही प्रत्यक्षात काय काम करत होता याची बाजू मांडायला तिथे कोणी नसतं. म्हणून आधी ऑफर लेटर, शेवटचं पगारवाढीचं पत्र किंवा अनुभवपत्र काढा आणि त्यावरचं पद अक्षरशः उतरवून घ्या. ते बदलायचं नाही.

यानंतर बाजारात या कामाला काय म्हणतात ते ठरवायचं. इथे घाई करू नका, कारण आपण काय काय करतो हे आठवलं की प्रत्येकाला आपलं काम एक पायरी वरचं वाटतं. त्याऐवजी आपल्याला कोणते निर्णय घेता येतात ते लिहून काढा. भरतीत शेवटचा शब्द कोणाचा? वार्षिक मूल्यमापनाचा शेरा कोण ठरवतं? खर्च कोण मंजूर करतं, आणि किती रकमेपर्यंत? काम बिघडलं तर जाब कोणाला विचारतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कस्टमर सपोर्टमधली एक 'असोसिएट ३' आठ जणांच्या शिफ्ट लावते, रजा मंजूर करते, त्यांचे कॉल तपासते, नवीन आलेल्यांना शिकवते आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत रिफंड मंजूर करते. मूल्यमापनासाठी ती अभिप्राय देते, पण शेरा तिचा ऑपरेशन्स मॅनेजर ठरवतो. भरतीच्या मुलाखतीत ती बसते, निवड मात्र तोच करतो. बजेट तिच्याकडे नाही. आता 'टीम लीड' आणि 'मॅनेजर' या दोन्ही पदांच्या दहा-बारा जाहिराती तिने उघडाव्यात आणि पदाचं नाव झाकून फक्त जबाबदाऱ्या वाचाव्यात. टीम लीडची बहुतेक कामं जुळतील. मॅनेजरच्या जाहिरातीत बजेट, भरती आणि मूल्यमापन येईल, तिथे तिची यादी तुटेल. म्हणजे ती टीम लीड आहे. मॅनेजर दोन महिने रजेवर असताना तिने त्याचं काम पाहिलं असेल, तर ते जबाबदाऱ्यांमध्ये कालावधीसह लिहावं, पदात नव्हे.

रेझ्युमेत तिने असं लिहावं:

असोसिएट ३ (समकक्ष पद: टीम लीड, कस्टमर सपोर्ट)
८ जणांच्या टीमची जबाबदारी. शिफ्ट, रजा, गुणवत्ता तपासणी, ठरावीक मर्यादेपर्यंत रिफंड मंजुरी. ऑपरेशन्स मॅनेजरला रिपोर्टिंग.

'समकक्ष पद' हे शब्द गाळू नका. नुसत्या कंसातलं नाव कंपनीनेच दिलेलं पद वाटू शकतं. कोणाला रिपोर्ट करता ते लिहिलं की उतरंडीतली तुमची जागा रिक्रूटरला एका ओळीत कळते.

ऑनलाइन अर्जात 'पद' असा वेगळा रकाना असेल तर तिथे फक्त नोंदीतलं पद लिहा. समकक्ष पद कामाच्या वर्णनात येऊ द्या. लिंक्डइनवर अनुभवाच्या नोंदीत अधिकृत पद ठेवा, आणि नावाखालच्या ओळीत 'कस्टमर सपोर्टमध्ये टीम लीडचं काम' असं लिहा. शोधात सापडायला त्याची मदत होते.

याच्या उलटही घडतं, आणि तेही तितक्याच सरळपणे सांगावं. अनेक मोठ्या बँकांमध्ये 'व्हाइस प्रेसिडेंट' हे मधल्या फळीतलं पद असतं, त्याच्यावर डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर असतात. हाताखाली एकही माणूस नसलेला व्हाइस प्रेसिडेंट इतर क्षेत्रात अर्ज करतो, तेव्हा 'हा फार वरचा आहे, आपल्याला परवडणार नाही' असं समजून त्याचा अर्ज बाजूला पडू शकतो. त्याने 'व्हाइस प्रेसिडेंट (समकक्ष पद: सीनियर बिझनेस अ‍ॅनालिस्ट, स्वतंत्र काम, टीम नाही)' असं लिहावं.

अर्ज पाठवण्याआधी ही ओळ अशा वरिष्ठांना वाचून दाखवा, ज्यांचं नाव तुम्ही संदर्भासाठी देणार आहात. 'कोणी विचारलं तर हे असंच सांगाल ना?' एवढंच विचारा. ते अडखळले, तर कोणत्या शब्दावर अडखळले ते पाहा आणि तो शब्द एक पायरी खाली आणा.