पंपातली हवा दाबली की तिची एन्ट्रॉपी किती बदलते? गणित मांडायची पद्धत

मे महिन्यातली लातूरची दुपार. सायकलचं मागचं चाक बसलं म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे जुना उभा पंप आहे, खाली दाबाचा काटा असलेला. दोन-चार ठोके मारून मी सहज पंपाच्या बुडाशी हात न्यायला लागलो, तर तो ओरडला, "सर, नका धरू, चटका बसंल!"

बारावीच्या पोरांना मी जे गणित फळ्यावर शिकवतो, तेच इथं हातात होतं. दट्ट्या खाली गेला की हवेचं आकारमान घटतं आणि त्याच वेळी तापमान वाढतं. आकारमान घटलं की एन्ट्रॉपी घटते, तापमान वाढलं की ती वाढते. मग शेवटी काय होतं? पुस्तकातल्या बहुतेक उदाहरणांत एकतर तापमान स्थिर असतं, नाहीतर आकारमान. दोन्ही बदलले आणि तेही एकमेकांच्या उलट, तर पोरं गडबडतात. म्हणून हाच पंप घेऊन गणित पायरीपायरीने करू.

आधी सूत्र, आणि ते असं का

ΔS = n Cv ln(T₂/T₁) + n R ln(V₂/V₁)

हे पाठ करण्याआधी त्याच्या मागची युक्ती लक्षात घ्या. एन्ट्रॉपी फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थितीवर ठरते, मधल्या वाटेवर नाही. औशाहून लातूरला हायवेने या नाहीतर शेतातून या, दोन्ही गावांच्या उंचीतला फरक तोच राहतो. म्हणून खरा दट्ट्या कसा खाली गेला याची चौकशी न करता आपण आपल्या सोयीची वाट निवडायची.

सोयीची वाट दोन तुकड्यांची. पहिल्या तुकड्यात दट्ट्या जागेवर धरून हवा हळूहळू तापवायची. आकारमान स्थिर, त्यामुळे काम शून्य, आणि दिलेली सगळी उष्णता तापमान वाढवण्यात जाते. दर अंशाला n Cv इतकी उष्णता, तिला त्या-त्या वेळच्या तापमानाने भागत बेरीज केली की पहिलं पद मिळतं. दुसऱ्या तुकड्यात तापमान तेच ठेवून अगदी सावकाश दाबायचं. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर असते, म्हणून केलेलं सगळं काम उष्णता होऊन बाहेर पडतं. त्या उष्णतेला तापमानाने भागलं की दुसरं पद. खऱ्या पंपात असं काही घडत नाही, पण उत्तर तेच येतं.

आकडे गोळा करणे

पंपाचा आतला व्यास ३ सेंटिमीटर, दट्ट्याची पूर्ण चाल ४५ सेंटिमीटर. नळीतली हवा धरून सुरुवातीचं आकारमान ३२० मिलिलिटर घेऊ. नळी दुमडून घट्ट धरली आणि दट्ट्या ३४ सेंटिमीटर खाली रेटला, तर आत ८० मिलिलिटर उरतात. म्हणजे V₂/V₁ = १/४. गणित सुटसुटीत व्हावं म्हणून आकडे किंचित सरळ केलेत.

त्या दुपारी हवा ४२ अंश सेल्सिअस होती, म्हणजे T₁ = ३१५ केल्विन. बाहेरचा दाब? इथं पुष्कळजण डोळे झाकून १०१ किलोपास्कल लिहितात. तो समुद्रकाठचा आकडा. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे, तेव्हा ९५ किलोपास्कल धरणं जास्त बरोबर.

आतलं शेवटचं तापमान मोजायला थर्मामीटर घालता येत नाही, पण दाबाचा काटा आहे. तो ५२ पीएसआयच्या किंचित पुढे थांबला, म्हणजे सुमारे ३६१ किलोपास्कल. थांबा, हा आकडा थेट वापरू नका! टायरचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. खरा दाब ३६१ + ९५ = ४५६ किलोपास्कल.

आता आदर्श वायूचं समीकरण:

T₂ = T₁ × (P₂V₂)/(P₁V₁) = ३१५ × (४५६ × ८०)/(९५ × ३२०) = ३१५ × १.२ = ३७८ केल्विन

म्हणजे १०५ अंश सेल्सिअस. पंक्चरवाला उगाच ओरडला नव्हता.

मोल काढत बसायचीही गरज नाही. सूत्रात n आणि R नेहमी जोडीनेच येतात, आणि nR = P₁V₁/T₁. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये घेतलं की ९५००० × ०.०००३२ ÷ ३१५ = ०.०९६५ ज्यूल प्रति केल्विन. हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन, दोन्ही द्विअणुक, म्हणून Cv = २.५ R. त्यावरून n Cv = ०.२४१३.

मांडणी

तापमानाचं पद: ०.२४१३ × ln(१.२) = ०.२४१३ × ०.१८२३ = +०.०४४०

आकारमानाचं पद: ०.०९६५ × ln(०.२५) = ०.०९६५ × (−१.३८६३) = −०.१३३८

ΔS = ०.०४४० − ०.१३३८ = −०.०८९८ ज्यूल प्रति केल्विन

आकारमानाच्या पदाने बाजी मारली. हवा तापली खरी, पण तिची एन्ट्रॉपी घटली.

उत्तर तपासायचं कसं

मी पोरांना दोन तपासण्या करायला लावतो. पहिली दाबाच्या सूत्राने. आकारमानाऐवजी दाब वापरला तर Cv च्या जागी Cp येतो आणि दुसऱ्या पदाचं चिन्ह उलटतं:

ΔS = n Cp ln(T₂/T₁) − n R ln(P₂/P₁)

n Cp = ३.५ × ०.०९६५ = ०.३३७८. दाबाचं गुणोत्तर ४५६/९५ = ४.८, त्याचा ln १.५६८६. म्हणून ०.०६१६ − ०.१५१४ = −०.०८९८. जुळलं. जुळलं नाही तर बहुतेक वेळा Cp आणि Cv ची अदलाबदल झालेली असते. आकारमानासोबत Cv आणि दाबासोबत Cp, ही जोडी मोडू नये.

दुसरी तपासणी चिन्हाची, आणि मला ती जास्त आवडते. समजा पंपाचं नळकांडं उष्णता अजिबात बाहेर जाऊ देत नाही आणि आपण सावकाश दाबतो आहोत. मग एन्ट्रॉपी बदलणारच नाही, दोन्ही पदं एकमेकांना खाऊन टाकतील. ते कोणत्या तापमानाला घडेल? ३१५ × ४^०.४ = ५४८ केल्विन, म्हणजे २७५ अंश सेल्सिअस. आपली हवा १०५ अंशांवरच थांबली. मधली उष्णता नळकांड्यात गेली, म्हणूनच ते तापलं. हवेने उष्णता गमावली आणि ५४८ च्या खाली राहिली, म्हणजे चिन्ह उणेच यायला हवं. आकडेमोड करण्याआधीच एवढं कळतं.

या तपासणीचा उपयोग कुठे होतो बघा. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गुणोत्तरात सेल्सिअस घालणे. १०५/४२ = २.५, त्याचा ln ०.९१६३, पहिलं पद ०.२२११ आणि उत्तर +०.०८७३. आकडा जवळजवळ तोच, फक्त चिन्ह उलटं! एकक बरोबर, मोठेपणा बरोबर, त्यामुळे संशयही येत नाही. तापमानातला फरक सेल्सिअसमध्ये चालतो, गुणोत्तर मात्र केल्विनमध्येच. कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबणं त्याहून लबाड आहे: दोन्ही पदं २.३०३ पटीने लहान होतात, उत्तर −०.०३९० येतं आणि चिन्ह बरोबरच राहतं. चिन्हाची तपासणी इथं हात टेकते, दाबाचं सूत्रही त्याच बटणाने सोडवलं तर तेसुद्धा. म्हणून सुरुवातीलाच २ चा ln काढून बघा. ०.६९३ आलं तर बटण बरोबर, ०.३०१ आलं तर चुकीचं.

मग घटलेली एन्ट्रॉपी गेली कुठे?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो: "सर, एन्ट्रॉपी कधी कमी होत नाही म्हणता, मग हे उणे कसं?" कमी होत नाही ती सगळ्यांची मिळून, एकट्या हवेची होऊ शकते. हिशेब पुरा करायचा तर बाहेर किती उष्णता गेली ते हवं. आणि इथं वाटेचा प्रश्न येतोच, कारण एन्ट्रॉपीसारखी उष्णता फक्त दोन टोकांवर ठरत नाही.

समजा दाबताना हवेच्या प्रत्येक टप्प्यावर P × V^k हा गुणाकार स्थिर राहिला. आपल्या दोन टोकांना बसणारा k साधारण १.१३ येतो. त्या वाटेवर हवेवर झालेलं काम nR(T₂ − T₁)/(k − १), म्हणजे सुमारे ४६.२ ज्यूल. त्यातले ०.२४१३ × ६३ = १५.२ ज्यूल हवेच्या तापण्यात गेले. उरलेले ३१.० ज्यूल नळकांड्यात, तिथून बाहेरच्या हवेत. ती ३१५ केल्विनला आहे, म्हणून तिची एन्ट्रॉपी ३१.० ÷ ३१५ = ०.०९८५ ने वाढली. हवेची −०.०८९८ त्यात मिळवली की एकूण +०.००८७. थोडीशीच, पण अधिक. दट्ट्या झटक्यात दाबून त्याच शेवटच्या स्थितीला आलात तर हवेचा आकडा तोच राहील, पण काम जास्त लागेल, उष्णता जास्त बाहेर पडेल आणि ही बेरीज आणखी मोठी होईल.

आता दट्ट्या तसाच दाबून धरा. म्हणायला सोपं आहे, ४५६ किलोपास्कलला हाताखाली साधारण २६ किलोचं वजन तोलावं लागतं, आणि चामड्याचं वायसर झिजलेलं असेल तर हवा बाजूने फुसफुसत निघून जाते. मग n च बदलतो आणि हे सूत्र लागू राहत नाही. वायसर चांगलं असेल, हवा निवून परत ४२ अंशांवर आली, तर पहिलं पद शून्य होतं आणि सुरुवातीपासूनचा बदल −०.१३३८ उरतो. काटाही ३६१ वरून २८५ किलोपास्कलवर उतरतो. तो उतरून तिथेच थांबला तर हवा फक्त निवली. त्याच्याही खाली सरकत राहिला तर वायसर गळतंय.

हीच रीत विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला लावायला जाल तर एक अडचण येईल. तिथं हवा सोळा-सतरा पट दाबली जाते आणि तापमान नऊशे केल्विनच्या आसपास जातं. तेवढ्या तापमानाला रेणू आतल्या आत कंप पावू लागतात आणि Cv २०.८ वर राहत नाही. हजार केल्विनला नायट्रोजनचा Cv २४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विनच्या वर असतो. तिथं पहिल्या पदात तापमानाप्रमाणे बदलणारा Cv घेऊन तुकड्यातुकड्याने बेरीज करावी लागते. आकारमानाचं पद मात्र जसंच्या तसं चालतं.