इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याचे शिफारसपत्र: स्टुडिओ-शिक्षकाने ते कसे लिहावे

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याची अंतिम ड्रॉइंग्ज आणि मॉडेलची छायाचित्रे पोर्टफोलिओत असतातच. पण ती ड्रॉइंग्ज तिथवर कशी पोहोचली, हे स्टुडिओत शिकवणाऱ्यालाच ठाऊक असते. शिफारसपत्रात नेमके तेच लिहावे, कारण इंटर्नच्या वाट्याला कार्यालयात बरेचसे काम दुरुस्त्यांचेच येते.

लिहायला बसण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून पोर्टफोलिओ, बायोडेटा, कार्यालयाच्या कामाचे स्वरूप आणि अर्जाची मुदत मागवून घ्यावी. मग ज्याचा मधला टप्पा तुम्हाला स्पष्ट आठवतो, असा एकच प्रकल्प निवडावा आणि त्याच्या जुन्या शीट्स व ज्युरीचे शेरे पुन्हा पाहावेत.

पहिल्या परिच्छेदात तुम्ही त्या विद्यार्थिनीला कोणत्या वर्षी, कोणत्या स्टुडिओत आणि किती काळ शिकवले एवढे दोन वाक्यांत सांगावे. खरा भर दुसऱ्या परिच्छेदावर द्यावा. ‘ती कल्पक आणि मेहनती आहे’ हे वाक्य कोणाच्याही पत्रात शोभते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल:

‘ग्रंथालयाच्या प्रकल्पात तिचा वाचनकक्ष पश्चिमेला होता. दुपारनंतर टेबलांवर थेट ऊन येईल, हे मधल्या ज्युरीत दाखवून दिल्यावर तिने खिडक्यांवर नुसते छज्जे न काढता प्लॅनच बदलला आणि पश्चिमेला जिना व स्वच्छतागृहे घेतली. नव्या जागी जिन्यावर तुळई येत होती. १:५० चा सेक्शन काढल्यावर डोक्यावर जेमतेम १.९ मीटर उंची उरते, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आले. पायरीची उंची १५ सेंटिमीटर असल्याने तिने जिन्याची सुरुवात दोन पायऱ्या पुढे सरकवली आणि २.२ मीटर उंची मिळवली.’

एवढ्यावरून तिला सेक्शन वाचता येतो, एका बदलाचे परिणाम ती शेवटपर्यंत तपासते आणि टीका ऐकून काम पुढे नेते, हे वाचणाऱ्याला विशेषणांविना कळते. तुमचा उतारा पुरेसा नेमका आहे की नाही, हे पाहायचे असेल तर त्यात दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव घालून वाचावा. तरीही तो खरा वाटत असेल, तर पुन्हा लिहावा.

तिसऱ्या परिच्छेदात गटातील कामाबद्दल लिहावे आणि तिच्या वाट्याला नेमके काय होते हे वेगळे नोंदवावे, कारण गटाच्या शीटवर सर्वांचीच नावे असतात. वर्किंग ड्रॉइंगचा सराव कमी असेल, तर तसे सरळ सांगावे. माझ्या मते त्यामुळे बाकीच्या कौतुकावरचा विश्वास वाढतोच, आणि सुरुवातीला कोणते काम द्यावे हेही कार्यालयाला ठरवता येते. जे सॉफ्टवेअर तिला वापरताना तुम्ही पाहिलेले नाही, त्याबद्दल मात्र ग्वाही देऊ नये.

पत्र एका पानात बसवावे, संस्थेच्या लेटरहेडवर तारीख, पदनाम, सही आणि संपर्कासह पीडीएफ करावे आणि कार्यालयाने तशी सोय दिली असेल, तर थेट त्यांच्याकडेच पाठवावे.