या चुका टाळा: कर घटला की आयएस सरकतो, पैसा वाढला की एलएम, मग व्याजदराचं काय होतं?

कोल्हापुरात बी.ए., एम.ए.च्या मुलांना समष्टी अर्थशास्त्र शिकवताना दरवर्षी एक गोष्ट दिसते. आयएस-एलएमची आकृती मुलं सुबक काढतात, अक्षांना नावंही बरोबर देतात. चुकतात ते बाण. म्हणून इथं एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. किंमतपातळी स्थिर आहे आणि परदेशी व्यापार नाही, असं धरू.

```
C = 100 + 0.8(Y - T)
I = 300 - 20r
G = 200,  T = 200
L = 0.5Y - 50r
M/P = 500

IS:  Y = 2200 - 100r
LM:  Y = 1000 + 100r
```

दोन्ही समीकरणं एकत्र सोडवली की व्याजदर ६ टक्के आणि उत्पन्न १६०० येतं. आता सरकारनं कर २०० वरून १५० केला, खर्च मात्र २०० च ठेवला.

पहिली चूक: कर कपातीनंतर एलएम सरकवणं

सगळ्यात जास्त गुण इथंच जातात. कागलहून येणाऱ्या एका मुलानं वर्गात विचारलं होतं, "सर, कर कमी केला म्हंजे लोकांच्या खिशात पैसा आला की! मग एलएम उजवीकडं सरकायला नको?"

प्रश्न रास्त आहे, पण हिशेब अर्धाच झाला. कर ५० नं घटला आणि खर्च तेवढाच राहिला, तर ती ५० ची तूट सरकार रोखे विकून भरून काढतं. कर वाचला म्हणून लोकांच्या खात्यात जे ५० राहिले, तेवढेच रोखे घेणाऱ्यांच्या खात्यातून सरकारकडे गेले आणि खर्चातून पुन्हा बाजारात आले. नोटा आणि ठेवी मिळून पैसा ५०० होता, तो ५०० च राहिला. वाढलं ते खर्चायोग्य उत्पन्न. त्याचा परिणाम उपभोगावर होतो आणि उपभोग आयएसमध्ये बसतो.

हे कायम असंच असतं असं मात्र नाही. आपल्याकडे १९९७ पर्यंत केंद्र सरकारची तूट 'अ‍ॅड-हॉक' ट्रेझरी बिलांमार्फत रिझर्व्ह बँकेकडून आपोआप भरली जायची, म्हणजे तुटीबरोबर नवा पैसा तयार व्हायचा. तेव्हाच्या कर कपातीची आकृती काढताना दोन्ही वक्र सरकवणं योग्य ठरलं असतं. पुढं ती पद्धत बंद झाली आणि एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे थेट सरकारकडून घ्यायलाही कायद्यानं मनाई आहे. प्रश्नात तूट कशी भरली हे सांगितलं नसेल, तर एलएम जागेवर ठेवा.

दुसरी चूक: आयएस जितका सरकला तितकं उत्पन्न वाढलं असं लिहिणं

आधी आयएस किती सरकतो ते पाहू. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ आहे, म्हणून सरकारी खर्चाचा गुणक ५. करालाही ५ च लावून बरेच जण २५० लिहितात. पण वाचलेल्या ५० मधले १० बचतीत जातात, पहिल्या फेरीत खर्च होतात फक्त ४०. म्हणून कर गुणक ४ आणि आयएस उजवीकडे २०० नं सरकतो: `Y = 2400 - 100r`.

हे २०० म्हणजे व्याजदर ६ टक्क्यांवरच थांबला असता तर वाढलं असतं तेवढं उत्पन्न. तो थांबत नाही. नवा समतोल व्याजदर ७ टक्के आणि उत्पन्न १७०० असा येतो. वाढ झाली ती फक्त १०० ची.

उरलेले १०० कुठं गेले? व्याजदर एक टक्क्यानं वाढला आणि गुंतवणूक १८० वरून १६० झाली. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीवाल्यानं कर्ज काढून नवी भट्टी बसवायचं ठरवलं असेल, तर तो या दराला बेत पुढं ढकलतो. क्राउडिंग आउट म्हणतात ते हेच. गुंतवणुकीतली ही २० ची घट गुणिले ५, म्हणजे गेलेले १०० बरोबर मिळतात.

व्याजदर का वाढला, याचं कारणही अनेकदा चुकतं. "सरकारनं कर्ज काढलं म्हणून" एवढंच लिहू नका. या प्रतिमानात साखळी अशी आहे: उत्पन्न वाढलं, व्यवहारांसाठी पैशाची मागणी वाढली, पुरवठा तेवढाच. हातात रोख हवी म्हणून लोक रोखे विकायला काढतात, रोख्यांच्या किमती पडतात आणि व्याजदर चढतो. पडताळा घ्या: ०.५ गुणिले १७०० म्हणजे ८५०, त्यातून ५० गुणिले ७ वजा केले की ५००. मागणी पुरवठ्याइतकी झाली, म्हणजे आपण एलएमवरच वर चढलो. समजा पैशाची मागणी उत्पन्नावर अवलंबूनच नसती, तर सरकारनं तेवढंच कर्ज काढूनही व्याजदर हलला नसता.

तिसरी चूक: पैसा वाढला की व्याजदर पहिल्या घसरणीवरच सोडून देणं

कर पुन्हा २०० धरा आणि पैशाचा पुरवठा ५०० वरून ६०० करा. नवा एलएम: `Y = 1200 + 100r`. उत्पन्न १६०० च धरून व्याजदर काढला तर ४ टक्के येतो आणि पुष्कळ उत्तरं तिथंच संपतात. पण ४ टक्क्यांना गुंतवणूक वाढते, तिच्यामागून उत्पन्न वाढतं, पैशाची मागणी वाढते आणि व्याजदर थोडा परत वर येतो. समतोल होतो ५ टक्के आणि १७०० वर. रोखेबाजार पटकन हलतो आणि वस्तूबाजार सावकाश, म्हणून आधी खोल घसरण आणि मग थोडी चढण हा क्रम उत्तरात यायला हवा.

गुंतवणूक वाढली म्हणून इथं आयएस सरकवणारेही भेटतात. ही वाढ व्याजदर उतरल्यामुळे झालेली आहे, ती आयएसच्या उतारात आधीच धरलेली असते. बिंदू आयएसवरून खाली घसरतो, वक्र हलत नाही.

दोन्ही उत्तरांत उत्पन्न १७०० च आलं, हे लक्षात घ्या. आकृतीत फक्त उत्पन्न दाखवलं तर कर कपात कोणती आणि पैसावाढ कोणती हे परीक्षकाला कळणार नाही. फरक व्याजदरात (७ की ५) आणि खर्चाच्या वाटणीत आहे. कर कपातीनंतर उपभोग १३४० आणि गुंतवणूक १६०. पैसावाढीनंतर उपभोग १३०० आणि गुंतवणूक २००. दोन्हींत सरकारी खर्चाचे २०० मिळवा, बेरीज १७०० झालीच पाहिजे. नाही झाली, तर चूक आयएसच्या समीकरणात आहे.

बातम्या लावताना होणारा घोळ

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर न लागण्याची तरतूद झाली. लगेच ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला आणि जूनपर्यंत तो ५.५० वर आला. "कर कपातीनं व्याजदर वाढतो, मग हे कसं?" असा प्रश्न तेव्हा वर्गात आलाच. महागाई उतरल्यामुळे रिझर्व्ह बँकेला दर घटवायला वाव होता, आणि आजची मध्यवर्ती बँक पैशाचा आकडा धरून न बसता दर ठरवते आणि त्या दराला लागेल तेवढा पैसा पुरवते. अशा वेळी एलएम त्या दरावर आडवी रेषा म्हणून काढावा लागतो.

आपल्या उदाहरणात ही रेषा ६ टक्क्यांवर ठेवून तीच ५० ची कर कपात करा. गुंतवणूक १८० वरच राहते आणि उत्पन्न पूर्ण २०० नं वाढून १८०० होतं. त्यासाठी लागणारा पैसा ९०० वजा ३००, म्हणजे ६००. म्हणजे कर कपातीबरोबर तिसऱ्या चुकीतली १०० ची पैसावाढही करावी लागली. फक्त या वेळी आकडा बँकेनं आधी ठरवला नव्हता, तो दर सांभाळताना ओघानं आला.