गच्चीवर मोबाइल टॉवर घेताय? आधी तो उतरवायचं कलम लिहा

सर्वसाधारण सभेचा ठराव, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, कराराची नोंदणी हे कराच. टॉवर मंजूर झालाय, आधी इतके पैसे भरा, असा फोन आला तर तो भामटा आहे. कंपनीने तुम्हाला पैसे द्यायचे असतात.

आता जे आमच्या सोसायटीच्या पहिल्या करारात नव्हतं ते. टॉवर कोण, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने उतरवणार? कंपनीच्या मसुद्यात बहुधा एवढंच असतं की करार संपला की कंपनी आपलं सामान नेऊ शकेल. ‘शकेल’ खोडा, ‘नेईल’ लिहा आणि पुढे मुदत घाला, समजा साठ दिवस. सामान म्हणजे फक्त लोखंडी सांगाडा नव्हे. खालचे बीम, केबिन, जनरेटर, केबल, स्लॅबमधले बोल्ट, सगळं. भोकं बुजवून वॉटरप्रूफिंग करून द्यायचं आणि वीजबिल भरून मीटर बंद करायचा.

आणि भाडं नोटिशीच्या तारखेला थांबत नाही. गच्ची रिकामी करून दिल्याच्या सहीला थांबतं. हे वाक्य करारात हवंच. नाहीतर नोटीस येते, भाडं बंद होतं आणि टॉवर तिथेच उभा राहतो. साठ दिवसांनंतर दुप्पट दर लावा. भंगारात विकून टाकू म्हणणारे सभेत भेटतील, पण टॉवर मालकीने कंपनीचाच असतो. २०२३च्या दूरसंचार कायद्यातही जागा वेगळी आणि तिच्यावरची यंत्रणा वेगळी धरली आहे.

म्हणून डिपॉझिट. टॉवर उतरवणं आणि वॉटरप्रूफिंग यांचा अंदाज ठेकेदाराकडून घ्या, तेवढं डिपॉझिट मागा, आणि ते शेवटच्या भाड्यात वळतं होणार नाही असं लिहा. २०१८मध्ये एअरसेल ही मोबाइल कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा टॉवर कंपन्यांचं गिऱ्हाईकच गेलं. अशा वेळी हातात डिपॉझिटच राहतं.

कराराच्या मुदतीच्या कलमात बघायचं ते बाहेर पडण्याचा हक्क कोणाला. कंपनी महिन्या-दोन महिन्यांच्या नोटिशीवर जाऊ शकते, सोसायटी मात्र पंधरा वर्षं अडकते, असे मसुदे येतात. इमारत पुनर्विकासाला गेली तर ठरावानंतर नव्वद दिवसांत टॉवर उतरवायचा, हे घाला. हेही उतरवण्याचंच कलम आहे, विसरू नका.

भाडेवाढ चालू भाड्यावर हवी, मूळ भाड्यावर नको. वीस हजारांवर दर तीन वर्षांनी पंधरा टक्के धरले तर तेराव्या वर्षी चालू भाड्यावरच्या वाढीने सुमारे ३४,९८० होतात, मूळ भाड्यावरच्या वाढीने ३२,०००. दुसऱ्या ऑपरेटरचे अँटेना चढले तर जादा भाडं.

टॉवरवर मालमत्ता कर लागला तर तो कंपनीचा. टीडीएसचा दाखला वेळेवर. गच्चीची किल्ली सोसायटीकडे. सही करण्याआधी उतरवण्याचं कलम पुन्हा वाचा.